भावाला, भावाकडे, भावाकडून : रशियन विभक्तींची मराठी वाट

रशियन शिकवणारं कुठलंही पुस्तक घ्या, थोडी पानं उलटली की एक तक्ता समोर येतो. डाव्या बाजूला विभक्तींची सहा नावं, पुढे एकवचन-अनेकवचनाचे रकाने आणि प्रत्येक रकान्यात त्याच शब्दाचं नवं शेपूट. इंग्रजीच्या वाटेने रशियनकडे आलेला विद्यार्थी इथे हबकतो, कारण इंग्रजी नामांत असं फारसं काही उरलेलंच नाही. मराठी माणसाने मात्र ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ शाळेतच घोकलेलं असतं. त्याच्या खात्यावर आठ विभक्ती आहेत, समोर तर सहाच.

तरीही तो अडतो. फक्त त्याच्या अडण्याच्या जागा वेगळ्या असतात. इंग्रजी पुस्तकं ज्याला अवघड म्हणून पानंच्या पानं देतात ते त्याला बऱ्याचदा सोपं जातं, आणि जे दोन ओळींत उरकतात तिथे तो वर्षभर चुकत राहतो. हे का होतं ते मराठी प्रत्यय शेजारी ठेवून पाहिलं तर नीट उलगडतं.

(या लेखात रशियन शब्द त्यांच्या अक्षरांप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. बोलताना जोर नसलेला ‘ओ’ बराचसा ‘अ’सारखा ऐकू येतो आणि ‘ए’च्या आधी हलका ‘य’ मिसळतो. वाचायला सोपं जावं म्हणून ते बारकावे इथे सोडून दिले आहेत.)

आठ आणि सहा

आधी हिशेब जुळवू. रशियन तक्त्यात पहिली ती आपली प्रथमा. मग षष्ठी, चतुर्थी, द्वितीया आणि तृतीया, या क्रमाने. सहावी आपल्या सप्तमीच्या कामाची आहे, पण ती एकटी कधीच येत नाही. तिच्याआधी ‘व’ (आत), ‘ना’ (वर), ‘ओ’ (विषयी) असा एखादा शब्द लागतोच. म्हणूनच मिखाईल लोमोनोसोव याने १७५५च्या आपल्या रशियन व्याकरणात तिला ‘आधी शब्द लागणारी’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि तेच आजही चालतं.

मग आपल्या दोन विभक्ती गेल्या कुठे? संबोधन रशियनमधून जवळजवळ गळून गेलं. ‘बोझे!’ म्हणजे ‘देवा!’ यासारखे चारदोन जुने उद्गार तेवढे उरले. आपल्याकडे ‘मुलांनो’, ‘मित्रा’, ‘बायांनो’ अजून रोजच्या बोलण्यात आहेत. दुसरी हरवलेली विभक्ती पंचमी. ती सगळ्या स्लाव भाषांच्या पूर्वज भाषेतच षष्ठीत मिसळून गेली. त्याचा परिणाम आजच्या रशियनवर स्पष्ट दिसतो : ‘-ऊन’, ‘-हून’ अशा अर्थाचं जे जे काही असेल, ते षष्ठीच्या रूपाने सांगितलं जातं. ही गोष्ट लक्षात ठेवायची, पुढे ती फार कामाला येणार आहे.

आपल्या आठातही थोडी फुगवून सांगितलेली संख्या आहे. द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय मराठीत एकच. शाळेतला तक्ता संस्कृतच्या साच्यावर बसवलेला असल्याने त्यांना दोन घरं मिळाली. आणि शब्दाचं स्वतःचं रूप म्हणाल तर ते मराठीत खरं दोनदाच बदलतं : एक मूळ, एक सामान्यरूप.

रशियन आणि मराठी यांच्यातला पहिला मोठा फरक इथेच आहे.

ओझं कुणी उचलायचं

‘भाऊ’ हा शब्द घ्या. त्याचं सामान्यरूप ‘भावा-’. एकदा ते जमलं की पुढचं सगळं सरळ आहे : भावाला, भावाने, भावाचा, भावाशी, भावाविषयी, भावाकडे, भावासमोर. बहीण असेल तर ‘बहिणी-’, शाळा असेल तर ‘शाळे-’, पाणी असेल तर ‘पाण्या-’. मराठीत सगळी अवघड कसरत या सामान्यरूपापाशी होते. परभाषिक माणूस ‘पाणीत’ किंवा ‘शाळाला’ म्हणतो तो म्हणूनच. पण प्रत्यय मात्र शब्द पाहून बदलत नाही. ‘त’ तो ‘त’च : घरात, नदीत, शाळेत, पाण्यात. सामान्यरूपातला तो ‘आ’ किंवा ‘ए’ स्वतः काही अर्थ सांगत नाही. ‘घरा-’मधला ‘आ’ हा खरं तर संस्कृतच्या ‘गृहस्य’मधल्या षष्ठीच्या प्रत्ययाचा झिजत आलेला अवशेष आहे. मूळचा अर्थ पुसला गेला आणि नुसती प्रत्यय टांगायची खुंटी राहिली.

रशियनमध्ये ती खुंटी नाही. तिथे शेवटचा स्वरच विभक्ती सांगतो. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ. ‘ब्राता’ म्हणजे भावाचा, ‘ब्रातू’ म्हणजे भावाला (काहीतरी दिलं या अर्थी), ‘ब्रातोम’ हे तृतीयेचं रूप आणि ‘ओ ब्राते’ म्हणजे भावाविषयी. बहिणीला हीच शेपटं लावून चालत नाहीत. ‘सेस्त्रा’ म्हणजे बहीण. तिची षष्ठी ‘सेस्त्रि’, चतुर्थी ‘सेस्त्रे’, द्वितीया ‘सेस्त्रू’, तृतीया ‘सेस्त्रोय’. म्हणजे भावाच्या बाबतीत ‘ऊ’ने चतुर्थी होते आणि बहिणीच्या बाबतीत त्याच ‘ऊ’ने द्वितीया. शब्दाचं लिंग आणि तो कुठल्या गटातला आहे हे ठाऊक नसेल तर नुसत्या ‘ऊ’वरून काहीच कळत नाही.

अनेकवचनात पुन्हा नवी शेपटं. आपल्याकडे ‘विद्यार्थ्यात’ आणि ‘विद्यार्थ्यांत’ यांमध्ये एका अनुस्वाराचा फरक आहे. रशियनमध्ये ‘स्तुदेन्ते’चं ‘स्तुदेन्ताख’ होतं. पण इथे एक दिलासा आहे. अनेकवचनाच्या चतुर्थीत ‘-आम’, तृतीयेत ‘-आमि’ आणि सहावीत ‘-आख’ ही तीन शेपटं तिन्ही लिंगांना जवळपास सारखीच लागतात. म्हणून काही शिक्षक अनेकवचनच आधी शिकवतात.

विशेषणांचंही तसंच. ‘नव्या घरात, नव्या घराला, नव्या घराने’ असं म्हणताना मराठीतलं ‘नव्या’ एकदाच वाकतं आणि मग गप्प राहतं. रशियनमध्ये ‘व नोवोम दोमे’, ‘नोवोमु दोमू’, ‘नोविम दोमोम’ असं विशेषण नामाबरोबर प्रत्येक पावलाला रूप बदलतं.

शोधायचं घर, शोधायचा भाऊ

हे झालं रूपांचं. आता अर्थाकडे वळू, कारण तिथे मराठी माणसाला अनपेक्षित ओळख पटते.

‘मी घर शोधतोय’ आणि ‘मी भावाला शोधतोय’ ही दोन वाक्यं पाहा. क्रियापद एकच, दोन्हीकडे कर्मच. तरी घराला ‘ला’ लागला नाही आणि भावाला लागला. मराठी मूल हा भेद कुणी न शिकवता पाळतं : निर्जीव कर्म मोकळं, सजीव कर्म ‘ला’सह. रशियनमध्ये हेच घडतं. ‘या इश्चू दोम’ म्हणजे मी घर शोधतोय. ‘दोम’ प्रथमेसारखाच राहिला. ‘या इश्चू ब्राता’ म्हणजे मी भावाला शोधतोय. इथे ‘ब्रात’चा ‘ब्राता’ झाला. सजीव पुल्लिंगी शब्दाची द्वितीया षष्ठीचं रूप उसनं घेते, निर्जीवाची प्रथमेचं. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्याला यासाठी ‘सजीवता’ ही कल्पनाच नव्याने समजून घ्यावी लागते. मराठी माणसाने फक्त स्वतःला विचारायचं : इथे मी ‘ला’ लावला असता का?

ही कसोटी बरीच चालते, पण पूर्ण नाही. तिच्या दोन मर्यादा आहेत.

पहिली स्त्रीलिंगाची. ‘-आ’ने संपणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दांना एकवचनात सजीव-निर्जीव काही कळत नाही, ‘क्नीगा’ (पुस्तक) असो की ‘सेस्त्रा’, दोघांनाही ‘ऊ’ लागतो : ‘या इश्चू क्नीगू’, ‘या इश्चू सेस्त्रू’. मराठीच्या सवयीने ‘या इश्चू क्नीगा’ म्हटलं की चूक झालीच. सुरुवातीला ही चूक सगळ्यांत जास्त ऐकू येते. पुस्तकाला आपण ‘ला’ लावत नाही, म्हणून कान सावध होत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गमतीची. मराठीत ‘ला’ नुसता जीव पाहून लागत नाही, कर्म ठरावीक आहे की कुठलंही चालेल हेही तो पाहतो. ‘ते मुलगी शोधतायत’ म्हटलं की घरात लग्नाचा विषय आहे हे कळतं. ‘ते मुलीला शोधतायत’ म्हटलं की पोटात गोळा येतो. रशियन व्याकरण इतका विचार करत नाही. शब्द सजीव म्हणून एकदा नोंदला गेला की झालं. बुद्धिबळातच पाहा. आपण ‘त्याने माझा घोडा मारला’ म्हणतो. ‘घोड्याला मारलं’ म्हटलं तर खऱ्याखुऱ्या घोड्याला फटका बसल्यासारखं वाटतं. पटावरची सोंगटी मराठीसाठी लाकूडच. रशियन खेळाडू मात्र सोंगटी मारतानाही सजीवाचंच रूप वापरतो : घोडा ‘कोन्य’, पण मारला तर ‘कोन्या’. आपल्या उंटाच्या जागी त्यांच्याकडे हत्ती असतो, ‘स्लोन’. तोही मारला की ‘स्लोना’ होतो. पत्त्यांतल्या एक्क्याचीही तीच गत.

‘मला’ किती जणांना पुरतो

मराठीतला ‘मला’ हा रशियनसाठी मोठाच आधार आहे. ‘मला थंडी वाजतेय’ म्हणताना थंडी सोसणारा माणूस कर्ता नसतो, चतुर्थीत असतो. रशियनमध्ये ‘म्ने खोलोदनो’, शब्दशः ‘मला थंड’. कंटाळा आला तर ‘म्ने स्कुच्नो’. जायला हवं तर ‘म्ने नादो इद्ती’, म्हणजे मला जायला हवं.

‘आवडणं’ तर हुबेहूब. मराठीत आवडणारी वस्तू वाक्यावर राज्य करते आणि क्रियापद तिच्या लिंगाप्रमाणे चालतं : मला सिनेमा आवडला, मला गोष्ट आवडली, मला पत्र आवडलं. रशियनमध्ये ‘म्ने पोन्राविल्स्या फिल्म’, ‘म्ने पोन्राविलास्य स्काज्का’, ‘म्ने पोन्राविलोस्य पिस्मो’. सिनेमा पुल्लिंगी, गोष्ट स्त्रीलिंगी, पत्र नपुंसकलिंगी. क्रियापदाचं शेपूट त्याप्रमाणे तीनदा बदललं आणि ‘म्ने’ जागचा हलला नाही. ज्याच्या भाषेत ‘मी आवडतो पुस्तक’ अशी रचना आहे त्याला हे डोक्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. मराठी माणूस सरळ चालत जातो.

इथे फशी पडायचं नाही एवढंच. मराठीतला एक ‘मला’ रशियनमध्ये चार घरांत वाटला गेला आहे. ‘मला माहीत आहे’ याचं रशियन ‘या ज्नायू’. इथे सरळ ‘मी’. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचं ‘उ मेन्या द्वा ब्राता’. इथे ‘उ’ आणि षष्ठी, जवळजवळ ‘माझ्याकडे दोन भाऊ’ असं. दुखण्याखुपण्याचीही तीच रचना : ‘उ मेन्या बोलित गोलोवा’, माझं डोकं दुखतंय. पण ‘मला मळमळतंय’ म्हणायचं असेल तर ‘मेन्या तोश्नित’, इथे द्वितीया. रशियात वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मुलामुलींना रुग्णाशी रशियनमध्येच बोलावं लागतं. तिथे ‘म्ने’, ‘उ मेन्या’ आणि ‘मेन्या’ यांतला फरक तक्त्यातला राहत नाही. तक्रार समजून घेण्याचा तो भाग होतो. साधारण खूण अशी : हवा, मनःस्थिती, गरज आणि आवड यांसाठी ‘म्ने’, जवळ असणं, नाती आणि दुखणारा अवयव यांसाठी ‘उ मेन्या’, बाकीचं त्या त्या क्रियापदाबरोबर लक्षात ठेवायचं.

तृतीयेबद्दल थोडक्यात. ‘चाकूने कापलं’ आणि ‘भावाबरोबर गेलो’ यांत मराठी दोन वेगळी साधनं वापरते, इंग्रजी एकच शब्द. रशियनही दोन वाटा ठेवते : हत्यार असेल तर नुसती तृतीया, ‘नोझोम’, सोबत असेल तर आधी ‘स’, मग तृतीया, ‘स ब्रातोम’. ‘स नोझोम’ म्हटलं की माणूस हातात चाकू घेऊन आल्याचं चित्र उभं राहतं. ‘ने’ आणि ‘बरोबर’ यांचा भेद ज्याला उपजत आहे, त्याने इथे इंग्रजीला मध्ये न आणलेलंच बरं.

एकच ‘कुठे’

आता ती जागा, जिथे मराठी माणूस खरोखर अडतो.

‘कुठे आहेस?’ ‘शाळेत.’ ‘कुठे चाललास?’ ‘शाळेत.’ मराठीत प्रश्नही एकच, उत्तरही एकच. घरी आहे, घरी जातो. टेबलावर आहे, टेबलावर ठेव. भावाकडे राहतो, भावाकडे जातो. ‘ला’ने तरी फरक होईल म्हणावं, तर ‘पुण्याला जातो’ आणि ‘मुलगा पुण्याला असतो’ दोन्ही बिनतक्रार चालतं. असणं की जाणं हे मराठी क्रियापदावर सोडून देते. प्रत्ययाला त्याची फिकीर नाही.

रशियनला आहे. तिथे प्रश्नच दोन : असण्याच्या जागेसाठी ‘ग्दे’, जाण्याच्या दिशेसाठी ‘कुदा’. उत्तराची विभक्तीही त्याप्रमाणे बदलते. शाळेत आहे तर ‘व श्कोले’, सहावी विभक्ती. शाळेत जातो तर ‘व श्कोलू’, द्वितीया. मॉस्कोत राहतो तर ‘व मोस्क्वे’, मॉस्कोला जातो तर ‘व मोस्क्वू’. टेबलावर आहे, ‘ना स्तोले’. टेबलावर ठेव, ‘ना स्तोल’. घरी आहे, ‘दोमा’. घरी जातो, ‘दोमोय’. ‘शाळा’चं ‘शाळे-’ आणि ‘श्कोला’चं ‘श्कोले’ यांचं यमक योगायोगाने जुळलं आहे. लक्षात ठेवायला ते चांगलं, पण नेमका त्याच्यामुळेच ‘जातो’बरोबरही ‘श्कोले’ तोंडातून निसटतो.

नुसती हालचाल असली की द्वितीया, असंही समजून चालत नाही. ‘बागेत फिरतो’ यात पाय चालतातच, पण माणूस आधीपासून बागेतच आहे; म्हणून ‘व पार्के’, सहावी. ‘बागेत जातो’ म्हणताना तो अजून बाहेर आहे. म्हणून ‘व पार्क’, द्वितीया. उलट ‘खुर्चीवर बस’ यात फारसं चालणं नाही, पण बसण्याआधी माणूस खुर्चीवर नव्हता. म्हणून ‘ना स्तुल’. बसल्यावर ‘ना स्तुले’. प्रश्न एवढाच विचारायचा : क्रिया सुरू होताना तो त्या जागी होता का? होता, तर सहावी. नव्हता आणि क्रियेमुळे तिथे पोचणार आहे, तर द्वितीया.

माणसांच्या बाबतीत भेद आणखी वाढतो. भावाकडे राहतो, ‘उ ब्राता’, षष्ठी. भावाकडे जातो, ‘क ब्रातू’, चतुर्थी. आपल्या एका ‘कडे’साठी दोन शब्द आणि दोन विभक्ती. आपलं शब्दयोगी अव्यय सामान्यरूप मिळालं की खूश असतं. रशियनमध्ये नामाआधी येणारा प्रत्येक शब्द स्वतःची विभक्ती मागून घेतो, म्हणून ‘क’ एकटा पाठ करून उपयोग नाही, ‘क ब्रातू’ असाच पाठ करावा लागतो.

‘-ऊन’ची किल्ली

एवढं झाल्यावर मराठीच एक किल्ली हातात देते, आणि ती सहसा पुस्तकात नसते.

मराठीत ‘शाळेत’चं ‘शाळेतून’ होतं, ‘टेबलावर’चं ‘टेबलावरून’, ‘भावाकडे’चं ‘भावाकडून’, ‘टेबलाखाली’चं ‘टेबलाखालून’, ‘दारामागे’चं ‘दारामागून’. म्हणजे आत, वर, जवळ, खाली, मागे अशा पाच जागा आणि त्या प्रत्येकीतून निघण्याचं एक ‘-ऊन’ रूप. बाहेर पडताना आधी कुठे होतो हे मराठी विसरत नाही. टेबलावरच्या वस्तूबद्दल ‘टेबलातून उचलली’ असं कुणी म्हणत नाही.

रशियन अगदी हीच शिस्त पाळते. ‘व’ असेल तर निघताना ‘इज’ : ‘इज श्कोलि’, शाळेतून. ‘ना’ असेल तर निघताना ‘स’ (उच्चारासाठी कधी ‘सो’) : ‘सो स्तोला’, टेबलावरून. माणसाकडून निघताना ‘ओत’ : ‘ओत ब्राता’, भावाकडून. खालून निघताना तर ‘इज’ आणि ‘पोद’ (खाली) एकावर एक रचून ‘इज-पोद स्तोला’, टेबलाखालून. आपण ‘खाली’वर ‘ऊन’ रचतो तसंच. मागून निघताना ‘इज-जा’. आणि विभक्ती? सगळीकडे षष्ठी. हरवलेली पंचमी षष्ठीत मिसळली होती ती ही. त्यामुळे ‘कुठून’ या प्रश्नाला (‘ओत्कुदा’) विभक्तीची डोकेदुखीच नाही.

विद्यार्थी इथे एक ठरलेली चूक करतात. ‘कामावरून आलो’साठी ‘इज राबोति’ म्हणतात, कारण इंग्रजीतून आलेल्याला ‘वरून’ आणि ‘तून’ सारखेच. खरं रूप ‘स राबोति’, कारण काम रशियनमध्ये ‘वर’ असतं : ‘ना राबोते’. मराठी माणसाने ही चूक करायचं कारणच नाही. तो कामावर असतो, कामावर जातो, कामावरून येतो. स्टेशनवरही असाच : ‘ना वोक्जाले’, आणि स्टेशनवरून ‘स वोक्जाला’.

जिथे दोन भाषांची ‘वर’ आणि ‘त’ची समजूत जुळत नाही, ती ठिकाणं वेगळी टिपून ठेवावी लागतात. कारखान्यात, पण रशियनमध्ये ‘ना जावोदे’. पोस्टात, पण ‘ना पोच्ते’. अशी यादी लांबत जाते, पण एक नियम तिच्यातही ठाम आहे : जाताना ‘ना’ असेल तर येताना ‘स’च.

एक वाक्य सोडवून पाहू

आता एक साधं वाक्य घेऊ : ‘आजी सकाळी बहिणीकडून आली, आता घरी आहे, दुपारी पोस्टात जाईल.’

‘बहिणीकडून’मध्ये ‘कडून’ आहे, म्हणजे माणसाकडून निघणं : ‘ओत’ आणि षष्ठी, ‘ओत सेस्त्रि’. ‘घरी आहे’ हे असणं आहे, जाणं नाही : ‘दोमा’. ‘पोस्टात जाईल’ मात्र दोन सापळे घेऊन येतं. पहिला, पोस्टाला ‘त’ नाही, ‘ना’ लागतो. दुसरा, आजी अजून घरी आहे आणि पोस्टात पोचायची आहे, म्हणून सहावी नाही, द्वितीया. ‘पोच्ता’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘ऊ’ : ‘ना पोच्तू’.

राहिली ‘सकाळी’ आणि ‘दुपारी’. ही आपल्या सप्तमीची जुनी ‘ई’ आहे, घरी, गावी, दारी, रात्री यांतली. आज ती कुठल्याही नव्या शब्दाला लागत नाही, ठरलेल्या शब्दांपुरतीच उरली आहे. रशियन अशा वेळांसाठी बिनशब्दाची तृतीया वापरते, म्हणजे जणू ‘सकाळने’ : ‘उत्रोम’, ‘द्न्योम’. सगळं जोडलं की वाक्य होतं : ‘उत्रोम बाबुश्का प्रियेखाला ओत सेस्त्रि, सेय्चास ओना दोमा, द्न्योम पोय्द्योत ना पोच्तू.’

‘आहे’ कुठे दिसला नाही, कारण वर्तमानकाळात रशियन तो म्हणतच नाही. बाकी शब्दांचा क्रमही मराठीसारखा सैल आहे. ‘पोस्टात आजी जाईल दुपारी’ म्हटलं तरी कोण कुठे जातंय हे कळतंच, कारण नातं शेपटाने सांगितलं आहे, जागेने नाही. या सैलपणाची सवय मराठी वाचकाला आधीपासून आहे.

रशियन शिकायला बसणाऱ्याने म्हणून सहा रकान्यांचा तक्ता भिंतीवर लावून तो वरून खाली घोकण्यात पहिले महिने घालवू नयेत. प्रत्येक नवं ठिकाणाचं नाम वहीत तीनदा लिहावं : तिथे आहे, तिथे जातो, तिथून येतो. ‘ना राबोते, ना राबोतू, स राबोति.’ ‘व श्कोले, व श्कोलू, इज श्कोलि.’ माणसाचं नाम असेल तर ‘उ ब्राता, क ब्रातू, ओत ब्राता.’ तिसऱ्या रूपासाठी मराठीतला ‘-ऊन’ मदतीला येईल. पहिल्या दोनांतला फरक मात्र मराठीत नाही, तो हातानेच लिहून अंगवळणी पाडावा लागेल.